दादा, कर्जाच्या जामिनाबद्दल

दादा, फोनवर बोलणार होते पण फोनवर मला नीट सांगता येणार नाही, मध्येच रडू येईल किंवा तू काहीतरी बोलशील आणि मी हो म्हणून मोकळी होईन, म्हणून लिहून पाठवतेय. जरा मोठं आहे, दुकानात गर्दी असेल तर आता वाचू नको, रात्री जेवण झाल्यावर निवांत वाच. वहिनींनाही वाचायला दे, त्यांच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही.

आधी उत्तरच सांगते म्हणजे तू अडकून राहणार नाहीस. तुझ्या 12 लाखांच्या कर्जाला मी जामीनदार राहू शकत नाही. सॅलरी स्लिपा आणि फॉर्म 16 तू मागितले होतेस ते मी पाठवत नाहीये, आणि फॉर्मवर माझं नाव लिहून झालं असेल तर ते काढून घे आणि बँकेतल्या साहेबांनाही तसं सांग, म्हणजे ते माझ्या भरवशावर फाईल पुढे ढकलणार नाहीत. तुझे चार दिवस वाया जायला नकोत म्हणून आजच सांगतेय.

आता कारण. तुला वाटेल की ताईला धंद्यावर विश्वास नाही, किंवा ह्यांनी काहीतरी मनात भरवलंय. तसं काहीही नाही. लाकडी घाण्याचा धंदा चालेल असं मला मनापासून वाटतं. गेल्या दिवाळीला तू पाठवलेलं शेंगदाण्याचं तेल आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वास घेऊन पाहिलं, त्यातल्या तिघी अजून विचारतात परत कधी येणार म्हणून. तुझ्या कष्टांबद्दल आणि नियतीबद्दल माझ्या मनात शंका नाही, आत्ताही नाही आणि पुढेही येणार नाही. आणि ह्यांनी तर उलट तुझा निर्णय तू घे एवढंच म्हटलं. निर्णय माझाच आहे, त्यामुळे राग आलाच तर माझ्यावर धर, ह्यांच्यावर नको.

खरं कारण माझ्या वडिलांचं, आप्पांचं आहे. ते तुम्हाला कुणालाच माहीत नाही कारण आमच्या घरात ते कधी बाहेर काढलंच नाही. मी डीएडला होते तेव्हा आप्पा कामावरच्या पगारदार पतसंस्थेत एका सोबत्याला जामीन राहिले होते. माणूस अगदी सरळ होता, घर बांधत होता, दोन वर्षं एक हप्ता चुकवला नाही त्यांनी. मग एकाएकी हार्ट अटॅकने गेले. घर अर्धं, मुलं लहान, बायकोला नोकरी नाही. संस्थेने नियमाप्रमाणे जामीनदारांकडून वसुली सुरू केली आणि आप्पांच्या पगारातून दर महिन्याला पैसे कापले जायला लागले. ती पगाराची चिठ्ठी मला अजून डोळ्यासमोर दिसते, कपातीच्या बाजूला भविष्यनिर्वाह निधी, सोसायटी, आणि त्याच्याखाली पेनाने लिहिलेलं 'जामीन वसुली'. आई ती चिठ्ठी गव्हाच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवायची आणि महिनाअखेरीला परत काढून तेच आकडे मांडत बसायची. माझ्या शेवटच्या वर्षाची फी तिच्या पुतळ्यांच्या माळेवर काढलेल्या पैशांतून भरली, ही माळ पुढे मोडली असं जे सगळ्यांना सांगितलं ते त्यातलंच.

पण दादा, पैशांपेक्षा मला दुसरंच जास्त लागलं. त्या काकू सुरुवातीला दर महिन्याला यायच्या, जमेल तेवढे पैसे रुमालात बांधून आणायच्या, आप्पांच्या हातात द्यायच्या आणि मान खाली घालून बसायच्या. आई चहा करायची, आग्रह करायची, पण त्यांना तो चहा जड व्हायचा हे मला तेव्हाही कळायचं. नंतर त्या यायच्या बंद झाल्या. मग रस्त्यात दिसल्या तर पलीकडच्या बाजूने जायच्या. आधी आमचं त्यांचं जाणंयेणं इतकं होतं की त्यांच्या पोरांचे वाढदिवस आमच्याकडे व्हायचे. यात कुणाची चूक होती ते सांग मला, त्यांची नव्हती, आप्पांची नव्हती, संस्थेचीही नव्हती, तिने कागदावर जे होतं तेच केलं. सगळी माणसं चांगली असूनसुद्धा नातं संपलं. मला हे तुझ्या आणि माझ्यात नको आहे. वहिनींनी माझ्यासमोर मान खाली घालून बसावं असा दिवस यायची एवढीशी शक्यतासुद्धा मला नको आहे.

वहिनी म्हणाल्या होत्या की नुसती सहीच आहे, बँकेला फॉर्मॅलिटी म्हणून लागते. त्यांना बँकेत तसंच सांगितलं असणार, सगळ्यांना तसंच सांगतात. म्हणून मी आमच्या बिल्डिंगमधले बँकेतून रिटायर झालेले काका आहेत त्यांना नीट विचारलं, तुझं नाव न सांगता. ते म्हणाले 1872 चा करार कायदा आहे त्यात कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. म्हणजे हप्ते थांबले तर बँकेने आधी कर्जदाराची मशीन विकायची, मग उरलेले जामीनदाराकडे मागायचे असं बंधन नाही, ती पहिल्याच दिवशी माझ्याकडे येऊ शकते, पूर्ण रकमेसाठी, व्याजासकट. आणि एकदा सही केली की मला नको वाटलं म्हणून बाहेर पडता येत नाही, बँकेने दुसरा जामीनदार मान्य केला किंवा कर्ज फिटलं तरच सुटका. शिवाय ते कर्ज माझ्या सिबिलमध्येही दिसतं, जामीनदार म्हणून.

आता आमचं गणित तुझ्यासमोर मांडते, तुझ्यापासून काय लपवायचं. माझ्या हातात सगळं कापून 68 हजार येतात. त्यातले 23,400 घराचा हप्ता, अजून 11 वर्षं आहे. ह्यांची कंपनी आता वर्षावर्षाचं कॉन्ट्रॅक्ट देते, गेल्या मार्चमध्ये रिन्यू होईल की नाही हे शेवटच्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं, ते तुला मी तेव्हा सांगितलंही नाही. तुझं कर्ज 11 टक्के आणि 7 वर्षं धरलं तर हप्ता साधारण साडेवीस हजार बसतो, मी काढून बघितला. म्हणजे काही कारणाने, मशीन बंद पडली, शेंगा महागल्या, तुझी तब्येत बिघडली, काहीही, चार-सहा महिने जरी ते माझ्यावर आले तरी दोन्ही हप्ते मिळून 44 हजार होतात आणि 24 हजारांत पुण्यात घर चालत नाही. आणि येत्या जूनमध्ये ऋतुजाची इंजिनिअरिंगची ॲडमिशन आहे, तिच्या शैक्षणिक कर्जाला मी सहकर्जदार असणार, ती बँक माझ्यावर आधीच काय काय बोजा आहे ते बघणार, त्यात 12 लाखांचा जामीन दिसला तर तिचं कर्ज अडेल किंवा कमी मिळेल. तिच्या कर्जात मला धोका घ्यायचा नाहीये दादा, तूही तिचा मामा आहेस, तूही घेऊ देणार नाहीस मला माहितीये.

फक्त नाही म्हणून गप्प बसायचं नव्हतं म्हणून मी थोडी शोधाशोध केलीय, बघ उपयोग होतो का. एक म्हणजे जामीनदाराशिवायही धंद्याचं कर्ज मिळतं. सीजीटीएमएसई म्हणून सरकारी ट्रस्ट आहे, छोट्या उद्योगांच्या कर्जाची हमी तो ट्रस्ट बँकेला देतो, त्याची फी भरावी लागते पण तिऱ्हाईत जामीनदार लागत नाही. सगळ्या बँका त्यात नसतात, तू आत्ता जिथे अर्ज करतोयस तिथे नसेल तर कराडच्या एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन सरळ विचार, सीजीटीएमएसईमध्ये बसवून देता का म्हणून. उद्यम रजिस्ट्रेशन केलेलं नसेल तर आधी ते कर, ऑनलाईन होतं, फुकट होतं, त्याचे पैसे कुणाला देऊ नको. दुसरं, पीएमएफएमई म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाची योजना, त्यात प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान ठरवलेलं आहे आणि घाणा त्यात बसायला हवा. ते कृषी खात्यामार्फत चालतं, त्यांची जिल्हा संसाधन व्यक्ती असते ती अर्ज आणि प्रकल्प अहवाल करायला मदत करते. सध्या अर्ज घेतायत का ते तालुका कृषी कार्यालयात विचार. तिथे नाही जमलं तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी कर. अनुदान मिळालं तर कर्जच कमी होईल आणि तुझा हप्ताही हलका होईल, मला तर वाटतं जामीनदार मिळाला असता तरी आधी हेच करायला हवं होतं.

आणि कर्ज कुठूनही घे पण त्याच्यासोबत स्वतःचा टर्म इन्शुरन्स काढच. आप्पांच्या त्या सोबत्याचा काढलेला असता तर त्या काकूंवर ती वेळ आली नसती. एवढं माझं ऐक.

तुझ्या वाट्याची मार्जिनची रक्कम भरायची आहे त्यात माझे 50 हजार धर. उसने नाही, परत मागणार नाही, हिशोबात लिहू पण नको. ते माझ्या स्वतःच्या आरडीचे आहेत, महिनाअखेर मोडून तुझ्या खात्यावर टाकते. मला जेवढं झेपतं तेवढं मी हातात देते, जे झेपणार नाही त्याच्यावर सही करत नाही, एवढंच आहे.

एक विनंती, यावरून मावशीला काही बोलू नका, तिला बीपीचा त्रास आहे आणि ती उगाच मला फोन करून रडत बसेल. मी तिला स्वतः सांगते माझ्या पद्धतीने. आणि आमच्या आईकडेही विषय काढू नको, जामीन हा शब्द ऐकला तरी ती रात्रभर झोपत नाही.

राग आला असेल तर येऊ दे, दोन दिवस बोलू नको हवं तर, पण त्याच्यापुढे नेऊ नको. रक्षाबंधनाला मी येणारच आहे, तू दार उघडलं नाहीस तर वहिनी उघडतील. पण त्याच्या आधी येत्या शनिवारी माझी सकाळची शाळा आहे, दुपारच्या गाडीने कराडला येते. मशीनवाल्याचं कोटेशन, शेडचा भाडेकरार, दुकानाची मागच्या दोन वर्षांची रिटर्न्स आणि बँक स्टेटमेंट काढून ठेव, आपण बसून प्रकल्प अहवालाचं कच्चं करू, आकडेमोड मी करते, शेंगांचा आणि पेंडीचा भाव तू सांग. कोटेशन जीएसटीसकट घ्यायला सांग त्याला, नाहीतर परत फेरी पडेल.

तुझी ताई