विषय: वाळूजची क्वालिटी इंजिनिअरची जागा, गुरुवारच्या इंटरव्ह्यूबद्दल

स्नेहल मॅडम, नमस्कार.

काल संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून बोलत होतो. त्यात चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी आणि हॉर्न, त्यामुळे तुम्हाला एकेक गोष्ट तीनतीनदा सांगावी लागली. तरी न वैतागता सगळं सांगितलंत, त्याबद्दल आभार. जेडी रात्री निवांत वाचला, घरीही बोललो. ही जागा माझ्यासाठी नाही, असं ठरवलं आहे. गुरुवारी चार वाजताचा इंटरव्ह्यू कृपया रद्द करावा. आज मंगळवारीच कळवतोय, म्हणजे ती वेळ दुसऱ्या कोणाला देता येईल.

अडचण पगाराची नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर तुम्ही कंपनीकडून आकडा वाढवून आणायच्या खटपटीला लागाल आणि उगाच सगळ्यांचा वेळ जाईल. मुख्य अडचण कामाची आहे. गेली सहा वर्षं मी सप्लायर क्वालिटी बघतोय: कास्टिंग आणि मशीनिंगच्या व्हेंडरकडे जाऊन ऑडिट करायचं, पीपीएपीची फाइल तपासायची, रिजेक्शन आलं की त्यांच्याच शॉप फ्लोअरवर उभं राहून मूळ कारण शोधायचं. वाळूजची जागा लाइन क्वालिटीची आहे, तीही तीन शिफ्टमध्ये. लाइनवर मी सुरुवातीची चार वर्षं काढली आहेत, आता पुन्हा तिकडे वळायचं नाही. दुसरं म्हणजे मुलगी यंदा दहावीला आहे. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा होईपर्यंत पिंपरी-चिंचवडमधून बिऱ्हाड हलवता येणार नाही.

पण एवढ्यावर माझा बायोडेटा बाजूला ठेवू नका, ही विनंती. चाकण, रांजणगाव किंवा तळेगाव पट्ट्यात सप्लायर क्वालिटीची किंवा व्हेंडर डेव्हलपमेंटची जागा निघाली, तर केव्हाही फोन करा. एप्रिलनंतर पुण्याबाहेरही यायची तयारी आहे. वाळूज आणि शेंद्राही त्यात आले, फक्त काम सप्लायर क्वालिटीचं हवं. व्हेंडरकडे महिन्यातले दहा-बारा दिवस फिरावं लागलं तरी हरकत नाही. नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे. आयएटीएफ १६९४९ च्या इंटर्नल ऑडिटरचं सर्टिफिकेट माझ्या जुन्या बायोडेटात नव्हतं, म्हणून नवा सोबत जोडला आहे. कृपया तुमच्याकडचा बदलून घ्या.

आणखी एक. आमच्या प्लांटमधला एक सहकारी मूळचा संभाजीनगरचा आहे. आई-वडील तिकडे असल्याने त्याला गावाकडे परतायचंच आहे, शिवाय लाइन क्वालिटीत तो मुरलेला आहे. सकाळी चहाला त्याच्याशी बोललो. माझ्या नावाने तुमचा नंबर दिला तर चालेल का? तुमचा होकार आला की तोच तुम्हाला फोन करेल.

फोनवर मला गाठायचं तर दुपारी एक ते दीड जेवणाच्या सुट्टीत. बसमधून बोलायचा प्रयोग आता पुरे.

आपला,
मंदार