इयत्ता नववी, प्रथम सत्र परीक्षा : गुणांच्या फाइलवरील पहिली निरीक्षणे

माननीय मुख्याध्यापिका आणि परीक्षा समितीचे सर्व सदस्य यांस,

शाळेच्या सामायिक फोल्डरमध्ये इयत्ता नववीच्या लेखी गुणांची जी एकत्रित फाइल शुक्रवारी चढवण्यात आली, ती मी पहिल्यांदा पूर्ण वाचली असून त्यातील निरीक्षणे खाली मांडत आहे. प्रगतिपुस्तके छापण्यापूर्वी आणि पालकसभेत कोणतीही सरासरी सांगण्यापूर्वी या फाइलमधील काही नोंदी मूळ उत्तरपत्रिकांशी ताडून पाहणे आवश्यक आहे, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. मूळ फाइलमध्ये मी एकही बदल केलेला नाही. सर्व आकडेमोड वेगळ्या प्रतीवर केली आहे.

फाइलमध्ये शीर्षकाची ओळ सोडून १३४ ओळी आहेत, तर हजेरीपटावर अ तुकडीत ४४, ब तुकडीत ४५ आणि क तुकडीत ४३ असे एकूण १३२ विद्यार्थी आहेत. जास्तीच्या दोन ओळींपैकी शेवटची ओळ विद्यार्थ्याची नसून कोणीतरी घातलेल्या सरासरीची आहे. दुसरी क तुकडीतील हजेरी क्रमांक १७ ची दुबार नोंद आहे. या दोन नोंदींत इतर सर्व गुण सारखे असून इतिहास-राज्यशास्त्रात मात्र एका ठिकाणी १९ आणि दुसऱ्या ठिकाणी २४ गुण आहेत. फेरतपासणीनंतर नवी ओळ घातली गेली आणि जुनी तशीच राहिली, असे घडले असावे. सध्या पहिली नोंद धरली आहे. यामुळे वर्गाच्या सरासरीत जेमतेम ०.०४ चा फरक पडतो, परंतु त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे पाच गुण आहेत, म्हणून उत्तरपत्रिका पाहूनच निर्णय व्हावा.

सरल विद्यार्थी क्रमांकाचा रकाना पूर्णपणे निकामी झाला आहे. हा क्रमांक १९ अंकी असतो आणि एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवते, त्यामुळे रकाना मजकूर म्हणून न ठेवता संख्या म्हणून भरला गेल्यावर प्रत्येक क्रमांकाचे शेवटचे चार अंक शून्य झाले आहेत. परिणामी १३२ विद्यार्थ्यांच्या रकान्यात आता केवळ ९ वेगवेगळे क्रमांक उरले आहेत. गेलेले अंक या फाइलमधून परत मिळू शकत नाहीत. ते कार्यालयातील मूळ यादीतून पुन्हा घ्यावे लागतील. तोपर्यंत या रकान्याच्या आधारे दुसरी कोणतीही यादी जोडू नये. मी तुकडी आणि हजेरी क्रमांक यांची जोडी ओळख म्हणून वापरली आहे.

विज्ञान भाग १ च्या रकान्यात क तुकडीचे ११ गुण देवनागरी अंकांत टंकलेले आहेत. डोळ्यांना ते बरोबर दिसतात, पण या फाइलमध्ये त्या चौकटी मजकूर म्हणून साठवल्या गेल्या आहेत आणि सरासरीचे सूत्र मजकुराच्या चौकटी काहीही न कळवता वगळते. सरासरीची आणि दुबार ओळ काढल्यानंतर पुढील सूत्राने अशा चौकटी मोजता येतात.

```
=COUNTA(H2:H133)-COUNT(H2:H133)
```

उत्तर १३ आले. त्यातील दोन ‘गै.’ अशा गैरहजेरीच्या रास्त नोंदी आहेत आणि उरलेले ११ हेच गुण आहेत. ते मी माझ्या प्रतीत संख्येत बदलून घेतले आहेत.

गैरहजेरीची नोंद कशी करावी याबाबत एकवाक्यता नसल्याने मोठा घोटाळा झाला आहे, आणि तो गणित भाग २ मध्ये सर्वांत ठळक दिसतो. तेथे चार ठिकाणी ‘गै.’ लिहिले आहे, तीन चौकटी रिकाम्या आहेत आणि सहा ठिकाणी शून्य आहे. शून्य हा खरा गुण मानला तर सरासरी ४० पैकी २०.८ येते; शून्ये वगळली तर २१.८ येते, आणि रिकाम्या व ‘गै.’ या चौकटींनाही शून्य धरले तर ती १९.७ पर्यंत उतरते. एकाच पेपरच्या या तीन सरासऱ्यांपैकी कोणतीही सभेत सांगितली गेली असती आणि कोणालाही शंका आली नसती. सहा शून्यांपैकी दोन विद्यार्थ्यांना भाग १ मध्ये ९ आणि ११ गुण आहेत, तेव्हा त्यांचे शून्य खरे असू शकते. उरलेले चौघे ब तुकडीतील असून त्यांना भाग १ मध्ये २६ ते ३१ गुण आहेत. भूमितीच्या पेपरच्या सकाळी लोकल विस्कळीत होती आणि काही विद्यार्थी शाळेत पोहोचू शकले नव्हते, अशी नोंद परीक्षा विभागाच्या वहीत आहे. पर्यवेक्षकांनी त्या दिवशी भरलेला उपस्थिती तक्ता पाहिल्यास हा प्रश्न लगेच सुटेल. हे चौघे गैरहजर असल्यास त्यांना पुनर्परीक्षेची संधी मिळते की ते थेट अनुत्तीर्ण ठरतात, हे या एका नोंदीवर अवलंबून आहे, म्हणून हे काम आधी हाती घ्यावे.

मला सर्वांत गंभीर वाटलेली बाब सरासरीत दिसतच नाही. क तुकडीत हजेरी क्रमांक २१ चा विद्यार्थी विज्ञान भाग १ ला गैरहजर आहे, मात्र भाग २ मध्ये त्याच्यासमोर ३१ गुण आहेत. आणि क्रमांक ३० ची भाग २ ची चौकट रिकामी आहे. या दोहोंमधील ओळी पाहिल्या तर भाग १ मध्ये ३३ मिळवणाऱ्याला भाग २ मध्ये ११ आणि त्याच्या लगतच्या, भाग १ मध्ये १२ मिळवणाऱ्याला ३४ अशा विजोड जोड्या दिसतात. क्रमांक २१ ते २९ समोरचे गुण एक ओळ खाली सरकवले की सर्व जोड्या जुळतात आणि क्रमांक २१ ची चौकट रिकामी होते. म्हणजे गुण भरताना गैरहजर विद्यार्थ्याची ओळ न सोडता पुढच्याचे गुण तेथे टंकले गेले आणि ही सरक क्रमांक ३० पर्यंत चालू राहिली, असा माझा तर्क आहे. तो खरा असल्यास नऊ ओळींत दुसऱ्याचे गुण आहेत आणि दहाव्या विद्यार्थ्याचे गुण त्याच्या नावावर नाहीतच. तरीही तुकडीची सरासरी, सर्वोच्च गुण आणि उत्तीर्णांची संख्या यांत तसूभरही फरक पडत नाही, कारण गुणांचा संच तोच आहे, फक्त धनी बदलले आहेत. केवळ सरासरी पाहून फाइल ठीक असल्याचे ठरवू नये, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी.

भूगोलात याच्या उलट स्थिती आहे. तेथे सरासरीच बोलते. ४० पैकी अ तुकडीची सरासरी २४.६, क तुकडीची २३.१ आणि ब तुकडीची ११.९ आहे, अ मधील सर्वोच्च गुण ३७, क मधील ३६ आणि ब मधील अवघे १९ आहेत. इतिहास-राज्यशास्त्रात मात्र हीच ब तुकडी २२.४ वर, म्हणजे अ च्या २३.० आणि क च्या २१.७ यांच्या मध्ये आहे, आणि तेथे पुढे असलेले विद्यार्थी भूगोलातही त्याच क्रमाने पुढे आहेत. एखादी तुकडी एका पेपरात मागे पडू शकते, पण ४५ जणांत एकालाही निम्मे गुण न मिळणे आणि क्रम मात्र अबाधित राहणे यावरून हे गुण २० पैकी नोंदवले गेले असावेत असे वाटते. दुप्पट केल्यास सरासरी २३.८ होते, जी इतर दोन तुकड्यांशी मिळतीजुळती आहे. असे असले तरी गुण परस्पर दुप्पट करू नयेत. उत्तरपत्रिकेचा अर्धा भागच तपासला गेला असणेही शक्य आहे आणि तसे असल्यास दुप्पट केलेले गुण खोटे ठरतील. ब तुकडीच्या कोणत्याही पाच उत्तरपत्रिका पाहिल्या की खुलासा होईल. तोपर्यंत भूगोलाची एकत्रित सरासरी मी देत नाही.

तुटक नोंदींपैकी दोन महत्त्वाच्या आहेत. ब तुकडीतील क्रमांक ८ ला हिंदीत ८० पैकी ८२ गुण आहेत. त्याला मराठीत ३३ आणि इंग्रजीत ३० असल्याने २८ चे अंक उलटले असण्याची शक्यता आहे, पण खात्री उत्तरपत्रिकेवरूनच व्हावी. अ तुकडीतील क्रमांक १२ ला गणित भाग १ मध्ये ३६ आणि भाग २ मध्ये ३ गुण आहेत. ही दुसरी नोंद नेहमीच्या नियमाने सापडली नसती. पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकातील अंतराच्या दीडपट पलीकडचे गुण वेगळे काढण्याचा तो नियम आहे. गणित भाग १ मध्ये हे चतुर्थक १७ आणि ३० आहेत, त्यामुळे मर्यादा उणे २.५ आणि ४९.५ अशा येतात, आणि ४० गुणांच्या पेपरात त्यांबाहेर कोणीच जाऊ शकत नाही. म्हणून मी प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना वर्गाशी न करता त्याच्याच इतर पेपरांशी केली. शालेय गुणांसाठी हीच रीत अधिक उपयोगी आहे असे माझे मत झाले आहे.

या मर्यादांसह तात्पुरत्या सरासऱ्या अशा आहेत. ८० गुणांच्या पेपरांत मराठी ४९.३, हिंदी ४७.८ (८२ ची नोंद वगळून) आणि इंग्रजी ४१.२, ४० गुणांच्या पेपरांत गणित भाग १ मध्ये २३.४, भाग २ मध्ये शून्ये वगळून २१.८, विज्ञान भाग १ मध्ये २२.६, भाग २ मध्ये २४.१ आणि इतिहास-राज्यशास्त्रात २२.४. कमाल गुण वेगवेगळे असल्याने तुलना टक्क्यांतच करावी. तशी केल्यास मराठी ६१.६ टक्क्यांवर सर्वांत वर आणि इंग्रजी ५१.५ टक्क्यांवर सर्वांत खाली आहे.

इंग्रजीची सरासरी मात्र एकटी वाचू नये. या पेपराला सर्व १३२ विद्यार्थी हजर होते आणि त्यांच्या गुणांचे दोन वेगळे पुंजके पडतात, एक तिशीच्या आसपास आणि दुसरा पन्नाशीच्या पुढे. ४१ च्या जवळपास फारच थोडे विद्यार्थी आहेत, म्हणजे सरासरी विद्यार्थी म्हणून आपण ज्याची कल्पना करू, तो वर्गात जवळजवळ नाहीच. अ ही सेमी-इंग्रजी तुकडी असून तिची सरासरी ५३.१ आहे, ब ची ३६.४ आणि क ची ३४.० आहे. ही तुलना शिक्षकांच्या कामाचे माप म्हणून वापरली जाऊ नये, कारण तुकड्यांमध्ये विद्यार्थ्यांची विभागणीच माध्यमानुसार झालेली आहे. जादा तासिकांचे नियोजन करताना मात्र ती अवश्य पाहावी.

इंग्रजीतच १२ विद्यार्थ्यांना नेमके २८ गुण आहेत, तर २४ ते २७ या टप्प्यात मिळून एकच विद्यार्थी आहे. ८० पैकी २८ म्हणजे ३५ टक्के. परीक्षकांनी काठावरच्या विद्यार्थ्यांना सहानुभूतीने गुण दिले असतील, तर त्यात मला आक्षेपार्ह काही वाटत नाही. मुलांच्या हिताचाच तो विचार आहे. तथापि हे वाढीव गुण उत्तरपत्रिकेवर स्वतंत्रपणे दर्शवलेले असावेत, आणि या १२ विद्यार्थ्यांना उत्तीर्ण म्हणून बाजूला न सारता इंग्रजीच्या जादा तासिकांच्या यादीत घ्यावे, अशी विनंती आहे.

सोमवारी दुपारच्या सत्रात पुढील कागद परीक्षा कक्षात उपलब्ध करून द्यावेत : भूमितीच्या दिवसाचा उपस्थिती तक्ता, क तुकडीच्या क्रमांक २१ ते ३० च्या विज्ञान भाग २ च्या उत्तरपत्रिका, ब तुकडीच्या भूगोलाच्या पाच उत्तरपत्रिका, आणि वर उल्लेखलेल्या तीन विद्यार्थ्यांच्या संबंधित उत्तरपत्रिका. प्रत्येक दुरुस्तीसमोर जुना गुण, नवा गुण, कारण आणि विषयशिक्षकांची स्वाक्षरी घेण्यासाठी मी वेगळा तक्ता तयार केला आहे. फाइलमध्ये विद्यार्थ्यांची नावे असल्याने दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत ती कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर पाठवली जाऊ नये.

आपला विश्वासू,
गणित शिक्षक तथा सदस्य, परीक्षा समिती
परळ, मुंबई