मृणाल-ओंकारच्या फोटोंसाठी कॅप्शन आणि हॅशटॅग

मृणाल, सगळे फोटो पाहिले. ड्रोनचा व्हिडिओ नाही टाकलास तरी चालेल, साध्या फोटोंतच तुम्ही जास्त तुमच्यासारखे दिसताय. ओंकार साताऱ्याचा, तू सांगलीची आणि मधे कृष्णा. म्हणून नदी वाहते त्याच क्रमाने टाक. प्रत्येक पोस्टला #माहुलीतेहरिपूर ठेव आणि जोडीला एखादाच वेगळा हॅशटॅग.

संगम माहुलीचा घाट :
"वेण्णा इथे कृष्णेला मिळते. ओंकार लहानपणी आजोबांचं बोट धरून याच पायऱ्या उतरायचा. मला पहिल्यांदा आणलं तेव्हा कुठल्या पायरीवर पाय घसरतो ते आधी सांगितलं, बाकीचं सगळं नंतर."
#आजोबांच्यापायऱ्या

अजिंक्यतारा :
"धापा मी टाकतेय. तो नुसता थांबलाय."

कराडचा फोटो मला सगळ्यांत आवडला. लोकेशनला प्रीतिसंगम टाक, मग कॅप्शनमध्ये प्रेमाबद्दल काही लिहावं लागणार नाही.
"तो साताऱ्याहून, मी सांगलीहून. दोघांनाही अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असायचं, म्हणून भेट कायम कराडला. कोयना आणि कृष्णा समोरासमोर येतात तिथे बसायचो आणि अर्धा वेळ परतीच्या एसटीबद्दलच बोलायचो. एकदा ती चुकली. लग्नाचं त्याच दिवशी ठरलं."
छोटी हवी असेल तर : "परतीची एसटी चुकली. बरं झालं."
#भेटूकराडला

आयर्विन पूल. इथे पोज देतानाचा नको, तुम्ही दोघं कठड्याला टेकून पाणी बघताय तो घे.
"2019 च्या ऑगस्टमध्ये अख्खी सांगली या पुलापाशी पाणी किती आलं तेच विचारत होती. आमच्या घरात पाणी शिरलं होतं, आम्ही मावशीकडे. ओंकारची नुकतीच ओळख झालेली. रोज सकाळी त्याचा एकच मेसेज यायचा : पाणी उतरलं का? उतरलं त्या दिवशी मीच आधी कळवलं."
#पाणीउतरलंका

बाबांसोबतचा अंगणातला फोटो अल्बममध्ये लपवू नकोस, त्याला स्वतंत्र पोस्ट दे.
"बाबांचं आयुष्य हळदीच्या पेठेत गेलं. ओंकारने पहिल्याच भेटीत त्यांना भाव विचारला आणि दोघं बोलतच बसले. मी चहा दोनदा गरम केला."
#हळदलागायच्याआधी

शेवटी हरिपूर :
"कृष्णेला वारणा मिळते ते आमचं हरिपूर. माहुलीचं पाणी इथवर येतंच. आता ओंकारही येतो, येताना कंदी पेढे आणि जाताना भडंग."

साडी-दागिन्यांची नावं कॅप्शनमध्ये नकोत. फोटोग्राफरला फोटोवरच टॅग कर. आणि आयर्विनची कॅप्शन टाकण्याआधी ओंकारला वाचायला दे, त्यातला मेसेज त्याचा आहे.