चिंतनात्मक निबंधावरील अभिप्राय : सराव पाठ, इयत्ता सहावी, कळवा

गुण : 20 पैकी 14 (सिद्धांताचा वापर 10 पैकी 5, वर्गातील उदाहरणे 10 पैकी 9)

तुमचं तिसरं पान मी दोनदा वाचलं. मुलीने फळ्यावर 1/2 + 1/3 = 2/5 लिहिलं. तुम्ही ते न पुसता विचारलंत, "2/5 अर्ध्यापेक्षा मोठा की लहान?" आणि कागदाची पट्टी तिच्या हाती दिलीत. घड्या घालून सहा भाग होताच ती आपणहून "पाच षष्ठांश" म्हणाली. इतकं नेमकं निरीक्षण छात्राध्यापकांच्या निबंधात क्वचितच वाचायला मिळतं.

सिद्धांत मात्र पहिल्या दोन पानांतच अडकला. व्हायगॉट्स्कींची व्याख्या उतरवलीत, पण पुढे तिचा मागमूस नाही. तुमचा तो प्रश्न आणि ती पट्टी हेच तर स्कॅफोल्डिंग! (हा शब्द व्हायगॉट्स्कींचा नाही, वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी तो 1976 मध्ये मांडला. दुरुस्त करा.) ती एकटी कुठवर पोचली होती, मदतीने कुठवर गेली, मदत तुम्ही केव्हा काढून घेतलीत, हे तिथेच लिहा.

"विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम होता" हे वाक्य काढा. मागच्या बाकांवरची मुलं तेव्हा काय करत होती?

सुधारित निबंध शुक्रवारपर्यंत द्या. तिसऱ्या पानाला हात लावू नका, फक्त त्यात भर घाला.