मोरस बेटास निघण्यापूर्वी मुंबईहून घरी लिहिलेले पत्र

श्री

मुक्काम मुंबई, माघ वद्य ३, शके १७८०

तीर्थरूप बाबांचे सेवेसी,

बालक लक्ष्मणाचे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील क्षेम जाणून आपले क्षेम लिहीत जावे. मातोश्रींस साष्टांग नमस्कार. धोंडू व पांडू यांस अनेक आशीर्वाद.

पत्र गावच्या भटजींकडून वाचून घ्यावे. खोताच्या कारकुनाकडून वाचवू नये. यात सावकाराच्या खताचा मजकूर आहे आणि तो चावडीवर जाता कामा नये.

मी मोरस बेटास जाण्याचे नाव नोंदवले आहे. जहाज बंदरात उभे आहे, पाच-सहा दिवसांत सुटेल. इतके दिवस ते अडले होते, कारण पुरुषांमागे ठराविक बायका भरल्याशिवाय सरकार जहाज सोडत नाही. मुकादम रोज बायकांसाठी गावोगाव माणसे धाडतो. मलाही तो म्हणाला की घरच्या माणसाला बोलावून घे. मी साफ नाही म्हटले. पांडू चार वर्षांचा आहे, लावणीला घरात हात हवेत, आणि आईचे गुडघे आता चिखलात टिकत नाहीत. म्हणून एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. गावात कोणी येऊन म्हणाला की लक्ष्मणाने बोलावले आहे, मुंबईस चला, तर विश्वास ठेवू नये, त्याच्या हाती माझ्या नावाचे पत्र असले तरी. मागच्या शिमग्यात तळ्यावर काय झाले ते पांडूच्या आईला माहीत आहे. त्याचा उल्लेख ज्या पत्रात नाही ते पत्र माझे नव्हे. खूण येथे लिहीत नाही, तिला विचारू नये, तिने सांगू नये.

आता कराराचे. मुकादमाने गोदीवर सांगितले ते आणि येथे साहेबासमोर कारकुनाने मराठीत वाचून दाखवले ते, यांत फरक आहे. मुकादम म्हणाला होता की जाणे-येणे फुकट. वाचून दाखवले ते असे: जाण्याचे भाडे लागत नाही, येण्याचे ज्याचे त्याने द्यायचे. पूर्वी परतीचे भाडे सरकार देत असे, ते सहा-सात वर्षांपूर्वी बंद झाले. मी तोंडावर तीनदा विचारले, तीनदा हेच उत्तर आले. मग साहेबाने विचारले, राजीखुशीने जातोस काय? मी हो म्हटले. कोणी जबरी केलेली नाही, हे आईला मुद्दाम सांगावे.

करार तीन वर्षांचा. कोणत्या मळ्यावर जायचे ते पोर्ट लुई बंदरात उतरल्यावर ठरते. तिथे डेपोत दोन दिवस ठेवतात, मळेवाले येऊन माणसे घेतात. काम उसाचे: खड्डे, लागवड, निंदणी, तोड, आणि हंगामात साखरेच्या गिरणीत. पगार महिना ५ रुपये. वर शिधा: रोज दोन रत्तल तांदूळ, अर्धा रत्तल डाळ, शिवाय मीठ आणि तूप किंवा तेल. राहायला झोपडी. रविवारी सुट्टी, पण सकाळी गोठे व अंगण झाडण्याचे काम त्यातच असते.

येथे आमच्यात साताऱ्याकडचा एक माणूस आहे, तिकडे राहून आलेला, आता सरदार म्हणून पुन्हा चालला आहे. त्याने कारकुनापेक्षा जास्त सांगितले. खाडा झाला तर त्या दिवसाचा पगार जातो आणि आणखी एका दिवसाचा कापतात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर रोज तीन आण्यांनी पडतो, म्हणजे एक खाडा सहा आण्यांना. महिन्याला दोन खाडे झाले की वर्षाचे ९ रुपये गेले. लोक पैसे घेऊन येत नाहीत ते दारूमुळेच असे नव्हे. ज्वर येतो, माणूस पडून राहतो, नेमाने सांगायला जात नाही, आणि मग त्याचा खाडा धरला जातो. दुखणे आले तर त्याच सकाळी सरदाराला सांगून इस्पितळात नाव लावायचे, हे मी त्याच्याकडून पक्के करून घेतले आहे. मळ्याबाहेर जायचे तर चिठ्ठी घेतल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, नाही तर शिपाई धरून नेतो.

हिशेब असा. शिधा मिळत असल्याने वरखर्च कमी. दरमहा ३ रुपये राखले तर वर्षाचे ३६, तीन वर्षांचे १०८. सावकाराचे मुद्दल ५० रुपये, व्याज शेकडा दोन, म्हणजे महिना १ रुपया. तीन वर्षांचे व्याज ३६. दोन्ही मिळून ८६. उरले २२. त्यात परतीचे भाडे. शिल्लक इतकीच आहे, म्हणून व्याजाचा रुपया एक महिनाही तुंबू देऊ नये. तुंबला की सावकार म्हणेल, व्याज मुद्दलात घालून नवे खत करू. वर्षाचे १२ तुंबले तर खत ६२ चे होईल आणि व्याज महिना जवळजवळ सव्वा रुपया. माझी तीन वर्षे तिथेच जिरतील. बाबा, तो कितीही गोड बोलला, सुपारी पुढे केली, तरी नव्या कागदावर आपली निशाणी करू नये. धोंडूचीही नाही.

मामाच्या गावचा शंकर गलबताने गोवळकोटास येत आहे, त्याच्या हाती ९ रुपये पाठवले आहेत. कापसाच्या गोदीत हमाली करून साठवलेले आहेत, मुकादमाकडून एक पैसाही उचललेला नाही. रुपये जुन्या रुमालाच्या कोपऱ्यात दोऱ्याने शिवले आहेत, टाके पांढऱ्या दोऱ्याचे. टाके उसवलेले दिसले तर शंकरासमोरच मोजावे. त्यातले ६ रुपये माघ ते आषाढ अशा सहा महिन्यांच्या व्याजाचे. ते एकदम द्यावेत, पण खत समोर आणवून त्याच्या पाठीवर भरणा लिहून घ्यावा, तारीख घालावी, भटजी आणि पाटील यांची साक्ष घ्यावी. त्याच्या वहीत लिहिले म्हणजे झाले असे समजू नये. वही त्याची आहे. उरलेले ३ रुपये बियाण्याला आणि मिठाला.

पहिले वर्षभर माझ्याकडून पैसे येतील असे धरू नये. पैसे पाठवायला परत येणारा खात्रीचा माणूस लागतो, आणि तो कधी भेटेल ते माझ्या हाती नाही. आषाढानंतरचे व्याज गवत विकून भागवावे. कातळावरचे गवत यंदा लवकर कापावे, गाडीवाले दिवाळीच्या आधी चांगला भाव देतात. बैल विकू नये. एक बैल काय कामाचा असे कोणी म्हणेल, पण शेजारच्या आबांचाही एकच उरला आहे. सावड करावी, दोन दिवस त्यांचे, दोन दिवस आपले. पहिला पाऊस लागला की आधी त्यांचे शेत करून द्यावे, म्हणजे ते शब्द फिरवणार नाहीत.

धोंडू, राब तुला या वर्षी एकट्याने भाजायचा आहे. खाली शेण पसर, वर ऐनाचे टाहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सर्वांवर बारीक मातीचा थर. माती कमी पडली तर गवत भसकन जळून जाते आणि जमीन भाजत नाही. वारा ज्या बाजूला वाहतो त्या टोकाकडून पेटव, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू सरकेल. वाऱ्याच्या पाठीवरून पेटवलीस तर घटकाभरात संपेल आणि वर गुरवाच्या वरकसातही जाईल. पाण्याची दोन मडकी आणि ओल्या फांद्या हाताशी ठेव. खोताच्या माणसाला मळणीच्या दिवशी खळ्यावर बोलाव. अर्धेल त्याच्यासमोर माप, मागून नको. वरकसावर नाचणी केलीस तर तिथे तिर्धेलच आहे, अर्धे मागू लागला तर बाबांना पुढे कर.

जहाजाविषयी आईला काळजी असेल. वारा धरला तर महिनाभराचा रस्ता, न धरला तर दीड. बरोबर डाक्तर असतो. येथे आमची छाती, डोळे, हाताचे घट्टे पाहिले, ज्यांना देवी आल्या नव्हत्या त्यांना टोचल्या. माझा दंड दोन दिवस सुजला होता, आता खपली धरली आहे. जहाजावर भात, डाळ, चिंच, हळद, कांदा मिळतो, पाणी मोजून. भात एकाच चुलीवर शिजतो आणि सर्वांना तोच. हे मी लपवत नाही. परत आल्यावर जे प्रायश्चित्त भटजी सांगतील ते घेईन. जहाजात पटकी किंवा देवी निघाल्या तर बंदरात घेत नाहीत, लहान बेटावर उतरवून ठेवतात. तेव्हा पोहोचल्याचे पत्र उशिरा आले तर लगेच वाईट मनात आणू नये.

पत्र पाठवायचे ते असे. उतरल्यावर मला एक नंबर देतील. वहीत नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, गाव आणि अंगावरची खूण लिहितात, पण गोरे कारकून नावे आपल्या कानाने लिहितात आणि आमच्यात लक्ष्मण चार आहेत. नावावरून कोणी सापडत नाही, नंबरावरून सापडतो. माझ्या पुढच्या पत्रात नंबर आणि मळ्याचे नाव येईल. ते दोन्ही भटजींकडून कागदावर उतरवून घ्यावे आणि देव्हाऱ्याच्या पेटीत ठेवावे, खताच्या नकलेबरोबर. माझे काही बरेवाईट झाले तर तोच नंबर घेऊन रत्नागिरीस कलेक्टर कचेरीत अर्ज द्यावा आणि राहिलेला पगार मागावा. नंबराशिवाय कोणी दाद घेणार नाही. एका पत्राचा जाब यायला चार-पाच महिने धरावेत. त्याआधी दुसरे पत्र धाडून पैसे घालवू नयेत.

पांडूला या वर्षी देवी टोचून घ्याव्यात. टोचणारा चिपळुणास येतो, हिवाळ्यात नेलेले बरे. घरात सांगावे की नथ मोडू नये. तशीच वेळ आली तर आधी माझी तांब्याची घागर मोडावी.

बहुत काय लिहिणे. कृपा असू द्यावी ही विनंती.

आपला बालक
लक्ष्मण

ता. क. शंकराला गलबताचे भाडे मी दिले आहे. त्याने पुन्हा मागितले तर देऊ नये, जेवू मात्र घालावे.