प्रश्ननियोजन : महाडचा सत्याग्रह, इयत्ता आठवी ब

पाठ : समतेचा लढा. तासिका ४० मिनिटं, पट ४२.

महाड आपल्यापासून एसटीनं तासाभरावर. निम्म्या वर्गानं सहलीत चवदार तळं पाहिलंय, २० मार्च १९२७ ही तारीखही पाठ आहे. म्हणून ‘काय झालं’ यावर पाचच मिनिटं. बाकी तास एका प्रश्नासाठी राखून ठेवायचा : ठराव झाला होता, मग पाणी का नव्हतं? मागच्या वर्षी हा प्रश्न विचारला, वर्ग गप्प झाला, आणि दोन सेकंदांत मीच उत्तर सांगून टाकलं. मुलांनी ते वहीत उतरवलं आणि विषय तिथेच संपला. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

सुरुवात (५ मिनिटं). झटपट प्रश्न, प्रत्येकी ३ सेकंद थांबणं.

१. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा ठराव मुंबई विधिमंडळात कोणी मांडला? (सी. के. बोले, १९२३)
२. महाड नगरपालिकेनं तसा ठराव कधी केला? (१९२४)
३. सत्याग्रहाचं नेतृत्व कोणी केलं? कोणत्या दिवशी?

उत्तरं फळ्यावर एका आडव्या रेषेवर : १९२३, १९२४, १९२७. रेषा पुढे रिकामी सोडायची, १९३७ साठी.

मुख्य प्रश्न (१५ मिनिटं).

४. १९२४ मध्ये नगरपालिकेनं तळं खुलं केलं. तरी १९२७ पर्यंत अस्पृश्य मानलेल्या लोकांना तिथलं पाणी का भरता येत नव्हतं?

प्रश्न एकदाच, सावकाश विचारायचा. मग खडू खाली ठेवायचा, खिडकीपाशी जायचं आणि मनात पंधरा अंक मोजायचे. प्रश्न पुन्हा सांगायचा नाही, सोपाही करायचा नाही. हात वर करायला मनाई, नाहीतर पहिल्या बाकावरची तीच पाच मुलं बोलतात. पंधरा अंकांनंतर अर्धं मिनिट वहीत एक ओळ, मग शेजाऱ्याला वाचून दाखवणं. तोंडी उत्तर त्यानंतरच, आणि सुरुवात मागच्या बाकावरच्या मुलींपासून.

‘लोकांनी ऐकलं नाही’ हे उत्तर नक्की येईल. त्यावर ‘बरोबर’ म्हणायचं नाही. पाच अंक थांबायचं. बोलणारं मूल बहुतेक वेळा स्वतःच पुढचं वाक्य जोडतं. नाही जोडलं तर एवढंच विचारायचं : कोणी ऐकलं नाही? न ऐकणाऱ्यांना काय झालं? ठराव अमलात आणायचं काम कोणाचं होतं?

५. तळ्यावर गुरं पाणी पीत. २० मार्चनंतर सनातन्यांनी मात्र शेण-गोमूत्र घालून, १०८ घागरींचा विधी करून तळं ‘शुद्ध’ केलं. यावरून त्यांना नेमकं कशाचं भय होतं, असं वाटतं? (१० सेकंद)

इथे विशेष जपायचं. वर्गात सर्व समाजांची मुलं आहेत. ‘तुमच्या घरी काय सांगतात’ असं कोणालाही विचारायचं नाही, प्रश्न विचारताना विशिष्ट मुलाकडे पाहायचंही नाही. प्रश्न १९२७ च्या माणसांबद्दल आहे, मुलांनी स्वतःबद्दल सांगायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं.

मतभेदाचा प्रश्न (१२ मिनिटं).

आधी दोन वाक्यांत माहिती सांगायची. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रहासाठी हजारो लोक महाडला जमले, पण विरोधकांनी तळं खासगी असल्याचा दावा करून न्यायालयातून मनाई आणली होती. २५ डिसेंबरला परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावर जाणं मात्र बाबासाहेबांनी तहकूब केलं.

६. तुम्ही त्या गर्दीत असता, तर थांबायचा निर्णय मान्य केला असता का? कारण द्या. (२० सेकंद, मग वहीत दोन ओळी)

इथे मोजणं लांबवलं तरी चालेल. मान्य असलेले डावीकडे, नसलेले उजवीकडे. मत बदललं तर जागा बदलायची. माझं मत विचारलं तर आज सांगायचं नाही. परिषदेतलं बाबासाहेबांचं म्हणणं मुलांपुढे ठेवायचं : ते पाणी प्यायलो नाही तर मरू असं नाही, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला तळ्यावर जायचं. मग विचारायचं : या म्हणण्याचा आधार घेऊन तुमची बाजू मांडता येईल का? (१० सेकंद)

एखाद्या प्रश्नावर पूर्ण शांतता राहिली, तर उत्तर न देता फळ्यावरच्या रेषेकडे बोट दाखवायचं आणि पुन्हा दहा अंक मोजायचे. वेळ पुरला नाही तर प्रश्न ५ गाळायचा, ६ नाही.

शेवट (८ मिनिटं). रेषेवर १७ मार्च १९३७ लिहायचं : उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. चिठ्ठीवर, नाव न घालता, प्रत्येकानं लिहायचं :

७. १९२४ चा ठराव आणि १९३७ चा निकाल, दोन्हींनी तळं खुलंच आहे असं सांगितलं. मग मधल्या तेरा वर्षांत काय बदललं?

चिठ्ठ्या डब्यात. पुढच्या तासाची सुरुवात त्यातल्या तीन चिठ्ठ्या वाचून.