योगायोग सारखा वाटून येत नाही

आदरणीय मुख्याध्यापक सर, सहकारी शिक्षक, पालकहो आणि माझ्या मुलांनो,

सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला काय शोधलं, ते विज्ञानाच्या सरांनी आत्ताच समजावून सांगितलं. मी गणित शिकवते, म्हणून गणिताचीच एक गोष्ट सांगते. जे कुणी ठरवून केलेलं नसतं, ते सगळीकडे सारखं पसरत नाही. कुठे एकावर एक येतं, कुठे काहीच येत नाही. आपल्याला मात्र उलट वाटतं.

नववीच्या वर्गाला मी एक गृहपाठ दिला होता. अर्ध्या मुलांनी नाणं १०० वेळा उडवून छापा-काटा लिहायचा. बाकीच्यांनी नाण्याला हात न लावता, मनानेच १०० वेळचा छापा-काटा लिहायचा. कोण कुठल्या गटातलं, ते वहीवर लिहायचं नाही. तरी बहुतेक वह्या मी ओळखल्या. मनाने लिहिणारी मुलं सलग चार छापे झाले की पाचवा लिहायला कचरतात. नाणं कचरत नाही. १०० वेळा उडवलं, तर कुठेतरी सलग सहा छापे किंवा सलग सहा काटे सापडण्याची शक्यता पाचात चार इतकी आहे.

आता इथे टेबलावर पाहा. पुठ्ठ्यावर सहा आडव्या ओळी आणि सहा उभ्या रांगा आखल्या आहेत, म्हणजे ३६ घरं. आठवीच्या मुलींनी ३६ चिंचोके आणले आणि दोन फासे घेतले, एक लाल, एक पांढरा. लाल फाशावरचा आकडा ओळ सांगणार, पांढऱ्यावरचा रांग. लाल चार, पांढरा दोन पडला, तर चौथ्या ओळीतल्या दुसऱ्या घरात चिंचोका. सगळे चिंचोके संपेपर्यंत असंच.

घरं ३६ आणि चिंचोकेही ३६. मी आधी विचारलं, किती घरं रिकामी राहतील? कुणी दोन म्हणालं, कुणी तीन. एकाने पाच सांगितली, तर बाकीचे त्याला हसले. निघाली १४. बारा घरांत एकेक चिंचोका आला, सात घरांत दोन-दोन, दोन घरांत तीन-तीन, आणि हे कोपऱ्याजवळचं घर पाहा, इथे चार. शेजारची तिन्ही घरं कोरडी. एका मुलीने मला हळूच विचारलं, “बाई, फासा खराब आहे का?”

फासा चांगला आहे. आपण हिशेब करू. एक चिंचोका एखादं ठरावीक घर चुकवण्याची शक्यता ३६ पैकी ३५. छत्तीसच्या छत्तीस चिंचोके तेच घर चुकवतील, याची शक्यता काढायला ३५/३६ ला स्वतःशीच ३६ वेळा गुणायचं. उत्तर ०.३६ च्या आसपास येतं. म्हणजे सरासरी १३ घरं रिकामी राहणारच. आमची १४ राहिली, त्यात नवल काहीच नाही. नवल तेव्हा, जेव्हा प्रत्येक घरात बरोबर एकेक पडेल. एक कोटीला एक कोटीने गुणा आणि येईल त्याची जवळजवळ तिप्पट करा. इतक्या वेळा खेळ मांडलात, तर सरासरीने तसं एकदा घडेल. तसा पुठ्ठा कुणी मला आणून दाखवला, तर मी म्हणेन, हे हाताने मांडलंय.

असं का होतं? कारण विसावा चिंचोका पडताना आधीचे एकोणीस कुठे आहेत, हे फाशाला ठाऊक नसतं. इथे आधीच दोन आहेत, तर मी पलीकडे जातो, असं कुणी ठरवत नाही. सारखं अंतर ठेवायचं, तर आधीचं लक्षात ठेवावं लागतं. आपल्या शेतातच पाहा. तरव्याला भात फोकून पेरतो, तेव्हा कुठे रोपांची दाटी होते, कुठे टक्कल राहतं. लावणीच्या वेळी मात्र कुणग्यात रोपांचा आवा सारख्या अंतरावर उभा राहतो, कारण लावणारी बाई आधीचा आवा कुठे खोचला ते बघून पुढचा खोचते. सारखेपणा तिच्या हातातून आलेला असतो.

हा प्रश्न एकदा माणसांच्या जिवाशी येऊन भिडला होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये लंडनवर जर्मनीचे उडते बॉम्ब पडू लागले. काही भागांत पुन्हा पुन्हा पडले, काही भाग वाचले. लोकांना वाटलं, शत्रू ठरावीक वस्त्या हेरून मारतो आहे. पुढे आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने दक्षिण लंडनच्या नकाशावर पाव चौरस किलोमीटरची एकेक अशी ५७६ घरं आखली. त्यांत ५३७ बॉम्ब पडले होते. २२९ घरांत एकही नाही, २११ घरांत एक, ९३ घरांत दोन, ३५ घरांत तीन. बॉम्ब निव्वळ योगायोगाने पडले असते, तर २२७ घरं रिकामी राहायला हवी होती. दोनचाच फरक! बाकीचे आकडेही असेच जवळ होते. त्या भागापुरतं बोलायचं, तर बॉम्ब नेम धरून पडल्याची खूण त्या आकड्यांत नव्हती. १९४६ मध्ये क्लार्कने हे अवघ्या पानभराच्या लेखात मांडलं. असे लेख वाचले की गणित शिकवायला निवडलं, याचा मला फार आनंद होतो.

आता पालकांसाठी थोडं. पावसाळ्यात वादळ होतं, घरांवर माड पडतात. एकाच वाडीत तीन घरांवर पडले की विचारतात, “आमच्याच वाडीर कित्याक?” मग कुणी शेजाऱ्याकडे बोट दाखवतं, कुणी भावकीतलं जुनं भांडण उकरून काढतं. समजा गावात दहा सारख्या वाड्या आहेत आणि हंगामात दहा माड घरांवर पडले. तुमच्याच वाडीत तीन किंवा जास्त पडण्याची शक्यता १०० मध्ये फक्त सात. पण कुठल्या तरी एका वाडीत तसं होण्याची शक्यता १०० मध्ये ६०! म्हणजे कुठलीतरी वाडी “आमच्यावरच का” असं विचारणारच. ज्यांच्या घरावर माड पडला त्यांचं नुकसान खरं आहे, त्यांना मदत करायला जायचंच. पण त्यासाठी कुणाला दोषी धरायचं कारण नाही.

याचा अर्थ असाही नाही की प्रत्येक घोळका योगायोगाचाच असतो. माझं बोलणं अर्धवट ऐकून घरी जाऊ नका! आपल्याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण एकाच पट्ट्यात सापडत गेले. तिथे योगायोग म्हणून हात झटकले असते, तर माणसं हकनाक गेली असती. त्यामागे विषाणू होता आणि तो जंगलातल्या गोचिडींमधून पसरत होता. वाड्यांचंही तसंच. एखादी वाडी समुद्राच्या तोंडावर, उघड्या सड्याखाली असेल, तर वारा तिथे खरोखरच जास्त लागतो, आणि मग माझा “सारख्या वाड्या” हा हिशेब तिला लागू होत नाही.

फरक कसा ओळखायचा? आधी विचारायचं, नुसत्या योगायोगाने किती मोठा घोळका अपेक्षित आहे? मग मोजायचं. मोजलेलं त्यात बसत असेल, तर कुणावर आळ घ्यायचा नाही. त्याच्या फार बाहेर गेलं, तर पाणी तपासायचं, गोचिडी तपासायच्या, वाऱ्याची दिशा पाहायची. आणि घोळका दिसल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढून मोजू नका. घरं आधी आखायची, मोजणी नंतर. क्लार्कने तेच केलं.

दहावीच्या मुलांनी गावाच्या नकाशावर चौकोन आखायला घेतले आहेत. येत्या पावसाळ्यात कुठे झाड पडलं, तर तारीख आणि जागा शाळेत कळवा, आणि ज्या वाडीत एकही पडलं नाही, तिथूनही तसं कळवा. रिकाम्या घरांशिवाय आमचा हिशेब पुरा होणार नाही.

धन्यवाद.